गाडी लागते ती पोटामुळे नाही, कानामुळे

"गाडी लागणं म्हणजे पित्त. प्रवासाच्या दिवशी सकाळपासून काही खाऊ नका, पोट रिकामं असलं की उलटी कशाची होणार? मागच्या सीटवर निवांत बसा, मोबाईलमध्ये लक्ष घाला म्हणजे मळमळ विसरते. जास्तच झालं तर उलटीची गोळी जिभेवर ठेवा. मोठ्या माणसांना होतं ते निव्वळ मनाचे खेळ. सर्वांना पाठवा."
(आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आलेला मेसेज)

माझ्या पुतणीने हा मेसेज खरा मानला आणि तसाच प्रवास केला, म्हणून सविस्तर लिहिते आहे. ती १९ वर्षांची आहे, शिकायला संभाजीनगरला असते, घर अंबाजोगाईला. सकाळी सहाची बस. पोटात चहासुद्धा नाही. मागच्या चाकावरची सीट आणि हातात मोबाईल. गेवराईपर्यंत रस्ता सरळ, तरी तिला एकामागून एक जांभया येऊ लागल्या. बीडला तोंड पांढरं पडलं. मांजरसुंब्याच्या घाटात कपाळावर आणि ओठांवर गार घाम फुटला, तेव्हा तिने गोळी जिभेवर ठेवली. नेकनूरच्या अलीकडे उलटी झाली, पिवळी आणि कडू. तिथून मला फोन आला, "काकू, लई मळमळायलंय, पोटात काहीच नाही तरी पित्त पडायलंय."

त्या पिवळ्या पाण्यामुळेच हा गैरसमज टिकून आहे. रिकाम्या पोटी ओकाऱ्या येत राहिल्या की आतड्यातलं पित्त उलटं वर येतं. म्हणजे पित्त हा ओकारीचा परिणाम आहे, कारण नाही. कारण कानाच्या आत आहे. तिथे तीन अर्धगोल नळ्या आणि दोन इवल्या पिशव्या असतात. डोकं वळलं की नळ्यांमधलं पाणी हलतं. गाडीने ब्रेक मारला, वेग घेतला किंवा उसळी खाल्ली की पिशव्यांमधले चुन्याचे बारीक कण सरकतात. कान मेंदूला सांगतो, आपण हलतोय. डोळ्यांसमोर मात्र पुढच्या सीटची पाठ असते, जागची न हलणारी. ही दोन साक्षींमधली विसंगती वाढत गेली की मेंदू मळमळ, फिकटपणा आणि थंड घाम हे सगळं सुरू करतो. दोन्ही कानांतले हे तोल सांभाळणारे अवयव निकामी असलेल्या माणसांना जहाजातसुद्धा त्रास होत नाही, आणि पित्त तर त्यांनाही असतंच. ड्रायव्हरला सहसा गाडी लागत नाही तीही याच कारणाने. वळण कुठे आहे हे त्याला आधीच दिसतं.

आता उपाशी राहण्याबद्दल. ठासून, तेलकट खाऊन बसणं वाईटच, पण रिकामं पोटही मळमळ वाढवतं. निघण्याच्या तास-दीड तास आधी थोडं, कोरडं, साधं खावं. एक पोळी किंवा थोडे पोहे पुरेत, वर लोणचं-भजी नको. वाटेत पाणी घोटघोट प्यावं. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी तर हा उपाशी राहण्याचा सल्ला धोक्याचा आहे. औषध घेतलं आणि खाल्लं नाही, तर साखर उतरते आणि तेव्हाही असाच गार घाम येतो, हातपाय थरथरतात, बोलणं विस्कळीत होतं. बाजूचे म्हणतात, गाडी लागली, डोळे मिटून पडा. अशा वेळी माणूस शुद्धीवर असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यायची. शंका असली तरी द्यायची.

जागेचं महत्त्व लोकांना वाटतं त्याहून मोठं आहे. मागच्या चाकाच्या पलीकडे बसची उसळी सगळ्यात जास्त. दोन्ही चाकांच्या मधल्या भागात, शक्य तितकं पुढे बसावं, आणि समोरच्या काचेतून रस्ता दिसला पाहिजे. ब्रिटनमध्ये तीन हजारांवर कोच प्रवाशांची पाहणी १९९९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ज्यांना समोरचा रस्ता दिसत नव्हता त्यांनाच त्रास जास्त होता. खिडकीचं हवेसाठी ठीक आहे, पण खिडकीतून मागे पळणारी झाडं बघू नयेत. नजर पुढे, दूर ठेवावी. बऱ्याच बसमध्ये ड्रायव्हरच्या अगदी मागे बसलं की केबिनची जाळी आड येते, म्हणून मी दरवाजाच्या बाजूची पुढची सीट सुचवते. समोरचं दिसतच नसेल तर डोळे मिटून, डोकं पाठीला टेकवून बसावं. मोबाईल नेमकं उलटं करतो. हातातली अक्षरं स्थिर, कान हलतोय. माझ्या पुतणीला सरळ रस्त्यावर जांभया आल्या त्या याच कारणाने; घाटाने फक्त शेवट केला.

गोळीत दोन चुका झाल्या. जिभेवर विरघळणारी गोळी बहुतेक वेळा ऑनडॅनसेट्रॉन असते. केमोथेरपीच्या किंवा जुलाब-उलटीच्या त्रासात ती उपयोगी, पण गाडी लागण्यावर तिचा फारसा परिणाम होत नाही, कारण या त्रासाचा मेंदूतला मार्ग वेगळा आहे. इथे मेक्लिझिन किंवा प्रोमेथाझिन लागतं. दुसरी चूक वेळेची. मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं, मग गिळलेली गोळी तिथेच पडून राहते. मोठ्या माणसाने मेक्लिझिन २५ मिलिग्रॅम निघण्याच्या तासभर आधी घ्यावी. दोन्हींनी झोप येते, त्या दिवशी स्वतः गाडी चालवू नये, दारू नको. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल, गरोदरपण असेल, मूल लहान असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रोमेथाझिन तर नाहीच.

परतीच्या प्रवासात पुतणीने दीड तास आधी एक पोळी आणि थोडं वरण खाल्लं, तासभर आधी मेक्लिझिन घेतली, दरवाजाच्या बाजूला दुसऱ्या रांगेत बसली, मोबाईल बॅगेत. घाटात दोन जांभया आल्या. जांभई, तोंडात सुटणारं पाणी आणि गार घाम हे उलटीच्या आधीचे इशारे, हे तिला सांगून ठेवलं होतं. तिने डोकं टेकवलं, नजर रस्त्यावर ठेवली आणि सावकाश, मोजून श्वास घेतले. उलटी झाली नाही. बीडनंतर ती झोपली. गोळीने भागलं की जागेने, हे एका प्रवासावरून मी सांगणार नाही, पण पुढच्या वेळी ती गोळी न घेता बसून बघणार आहे.

राहिला मनाचा मुद्दा. भीतीने त्रास वाढतो हे खरं, पण ज्यांना अर्धशिशी आहे, ज्या गरोदर आहेत, जी मुलं दोन ते बारा वर्षांची आहेत त्यांना गाडी जास्त लागते, आणि त्यात नाटक काही नसतं. वयस्कर माणसाला असं म्हणून गप्प बसवणं तर मला फार चुकीचं वाटतं. आयुष्यात कधी गाडी न लागलेल्या साठीच्या माणसाला अचानक गार घाम फुटला, छाती जड वाटली, दम लागला, कळ जबड्याकडे किंवा हातात गेली, तर ते गाडी लागणं समजू नका. कंडक्टरला सांगून बस तिथेच थांबवायची आणि १०८ लावायचा.