मंगळवारी पेट्रोल भरा म्हणणाऱ्यांनो, आधी शहर कुठलं ते बघा

आज सकाळी परत तोच फॉरवर्ड. "ऑस्ट्रेलियात पेट्रोल मंगळवारी सर्वात स्वस्त, सर्व मराठी बांधवांना कळवा." खाली हात जोडलेले, तिरंगा आणि एक कांगारू.

आणि तो वाचून मेलबर्नच्या ग्रुपवरचा, पुण्याहून नुकताच आलेला एक मुलगा फसला. सोमवारी घराजवळच्या पंपावर 167.9 चा बोर्ड होता. उद्या अजून उतरेल म्हणून गडी थांबला. मंगळवारी त्याच पंपावर 209.9. लिटरमागे 42 सेंट, 50 लिटरच्या टाकीला 21 डॉलरचा फटका. वर ग्रुपवरच्या ज्येष्ठांनी त्यालाच ऐकवलं, "सगळे पंपवाले आतून मिळालेले असतात, तू नवीन आहेस." अरे, फॉरवर्ड कोणी पाठवला होता त्याला?

तो मंगळवार पर्थचा आहे, मंडळी. फक्त पर्थचा. तिथे जानेवारी 2001 पासून फ्युएलवॉच नावाची सरकारी व्यवस्था आहे. प्रत्येक पंपाने दुपारी दोनच्या आत उद्याचा भाव कळवायचा आणि सकाळी सहापासून चोवीस तास तोच ठेवायचा, मध्ये बदल करायचा नाही. त्यामुळे तिथलं चक्र आठवड्याचं झालंय. सध्या मंगळवारी तळ, बुधवारी उडी. सध्या म्हणतोय, कारण हा वारसुद्धा पूर्वी वेगळा होता. मेलबर्न, सिडनी, ब्रिस्बेन, ॲडलेडला वाराचा काही संबंध नाही. इथे पूर्वी आठवड्याचं चक्र होतं, ते लांबत लांबत आता कित्येक आठवड्यांचं झालंय. हळूहळू काही आठवडे भाव उतरत राहतो आणि मग एकदम तीस-चाळीस सेंटची उडी.

आता "आतून मिळालेले" या लाडक्या सिद्धांताकडे येऊ. एका चौकात तीन पंप आहेत असं धरा: एक मोठ्या साखळीचा, एक सुपरमार्केटवाल्यांचा, एक स्वतंत्र मालकाचा. डेपोतून बाहेर पडताना पेट्रोलचा जो घाऊक भाव लागतो त्याला इथे टीजीपी म्हणतात, तो समजा 165 सेंट, कर धरून. तिघांच्याही बोर्डावर 209.9 आहे आणि प्रत्येकाचं रोज 6,000 लिटर जातं. लिटरमागे सुटतात जवळजवळ 45 सेंट, म्हणजे दिवसाला सुमारे 2,700 डॉलर. यातून पगार, भाडं, वीज, कार्डाचं शुल्क जायचंय, ते सोडा. आता स्वतंत्रवाल्याने बोर्ड 207.9 केला. लांबून दिसणारा आकडा दोनने कमी, म्हणून गाड्या वळल्या आणि त्याचं 8,000 लिटर गेलं. हातात सुमारे 3,400. दोन सेंट सोडून सातशे डॉलर जास्त! उद्या बाकीचे दोघे हेच करणार, परवा तो परत. यासाठी कोणी कोणाला फोन करावा लागत नाही, रस्त्यापलीकडचा बोर्ड वाचता आला की पुरे.

असं करत करत तिघे 167.9 वर आले. आता सुटतात लिटरमागे तीन सेंटसुद्धा नाहीत, 6,000 लिटरचे 174 डॉलर. इथून आणखी दोन सेंट उतरवून 8,000 लिटर विकलं तर मिळतात 72. म्हणजे उतरवण्यात आता नुकसान आहे. इथे भाव चिकटतो. काही दिवस तिथल्या तिथे घुटमळतो, कधी टीजीपीच्या खालीही जातो.

आणि उडी? गंमत इथे आहे. साखळीवाल्याने एकट्याने बोर्ड 209.9 केला तर बहुतेक गिऱ्हाईक समोर जाईल. उरतील घाईतले आणि ज्यांचं बिल कंपनी भरते ते, समजा 1,000 लिटर. तरी त्याचे 449 डॉलर होतात, तळाला बसून मिळणाऱ्या 174 पेक्षा जास्तच. मग प्रत्येकजण लगेच उडी का मारत नाही? कारण दुसऱ्याने आधी मारली तर आपली चांदी असते. तो 209.9 वर गेला की मागचे दोघे निवांत 189.9 लावतात, त्याचं गिऱ्हाईक वाटून घेतात, प्रत्येकी 8,500 लिटर. लिटरमागे 25 सेंट, दिवसाला दोन हजारांच्या वर. पंगतीत जेवणं उरकलेली असतात, पण आधी उठायचं कोणी म्हणून सगळे पानावर बसून राहतात, तसं चाललेलं असतं. आधी उठतो तो ज्याला परवडतं, म्हणजे शहरभर पंप असलेली मोठी साखळी. ती एकाच दिवशी आपल्या बऱ्याच पंपांवर भाव चढवते आणि बाकीचे येतात का बघते. नाही आले तर गुपचूप परत खाली. अशा फसलेल्या उड्याही होतात, पण त्यांचे स्क्रीनशॉट कोणी फॉरवर्ड करत नाही.

तळाच्या दिवशी दिसलेला भाव सोडून उद्याची वाट बघितली, एवढीच त्या मुलाची गफलत. तो तळ होता हे कोणी सांगितलं असतं तर त्याने तिथेच टाकी फुल केली असती.

हे खेळाचं गणित 1988 मध्ये मास्किन आणि टिरोल या अर्थतज्ज्ञांनी मांडून ठेवलंय. ठरवाठरवी न करताही असं चक्र उभं राहू शकतं, हे त्यांनी दाखवलं. पण थांबा, मी काही पंपवाल्यांचा वकील नाही. "राहू शकतं" म्हणजे दरवेळी तसंच असतं असं नाही. आमच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या बॅलराट शहरात पंपवाले एकमेकांना फोन करून भाव ठरवत होते, 2004 मध्ये फेडरल कोर्टात ते सिद्ध झालं आणि पुढे दोन कोटी डॉलरच्या वर दंड बसला. त्याच राज्यातल्या जिलाँगमध्येही फोन झाले होते. तिथे 2007 मध्ये कोर्ट म्हणालं, फोन झाले हे खरं, पण पाळायचा करार झाल्याचं सिद्ध होत नाही. सगळे सुटले! पुढे 2017 मध्ये कायदा बदलला, तेव्हा कुठे कराराशिवाय संगनमताने वागणंही त्यात आलं.

खरी चीड यायची तर ती वेगळ्या गोष्टीची यावी. वर्षानुवर्षं मोठ्या कंपन्या एका सेवेला पैसे भरून एकमेकांचे शहरभरचे भाव दर थोड्या मिनिटांनी स्क्रीनवर बघत होत्या. आपण मात्र गाडीतून मान वाकडी करून बोर्ड वाचत होतो. उडी मारणाऱ्याची सगळ्यात मोठी भीती हीच की बाकीचे मागून येतायत की नाही हे कळणार कसं, आणि ती भीतीच या स्क्रीनने घालवली. स्पर्धा आणि ग्राहकहितावर नजर ठेवणारी इथली सरकारी संस्था एसीसीसी 2014 मध्ये याविरुद्ध कोर्टात गेली, डिसेंबर 2015 मध्ये समझोता झाला आणि तीच माहिती ग्राहकांनाही द्यायचं ठरलं. आज तुमच्या फोनवरच्या ॲपमध्ये जवळच्या पंपांचे ताजे भाव दिसतात ना? ते हातात असताना लोक वार बघून पेट्रोल भरतायत!

हो, माहिती उघडी केली की सगळं सुटतं असं नाही, हेही मान्य करावं लागतं. पर्थलाच बघा. सगळ्यांना सगळं दिसतं, तरी बर्न आणि डी रूस या अर्थतज्ज्ञांच्या 2019 च्या अभ्यासात असं निघालं की बीपी या मोठ्या तेल कंपनीने तिथे आधी गुरुवारी उडी आणि मग रोज दोन सेंटची उतरण असा नेम लावून धरला आणि बाकीचे तो शिकले. आणि चक्र बंद पडलं की स्वस्ताई येते असंही नाही. कॅनबेरा, होबार्टला असं चक्र नाही, तिथल्या लोकांना विचारा स्वस्त मिळतं का. आपल्याकडे भारतात तर प्रश्नच नाही. 16 जून 2017 पासून भाव रोज सकाळी सहाला बदलू शकतो, पण तो कंपनी ठरवते, पंपमालक नाही. समोरासमोरच्या पंपांत थोड्या पैशांचाच काय तो फरक. म्हणून पुण्याहून आलेल्या माणसाला इथला बोर्ड कळायला वेळ लागतो, त्यात त्याचा दोष नाही.

तर त्या मुलासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी एवढंच. एसीसीसीच्या साइटवर पाच मोठ्या शहरांचे आलेख असतात, ते उघडा. शहराची सरासरी टीजीपीच्या जवळ आलीय आणि काही दिवस उतरायची थांबलीय, म्हणजे तळ आला. त्या आठवड्यात टाकी अर्धी असली तरी फुल करा, दोन सेंटच्या आशेवर चाळीस सेंट पणाला लावू नका. मग ॲपवर एखाद्या साखळीचे काही पंप अचानक तीस-चाळीस सेंट वर दिसले की उडी सुरू झाली. पूर्ण शहर एका दिवसात चढत नाही, त्याला काही दिवस जातात, आणि छोटे स्वतंत्र पंप बहुधा शेवटी चढतात. त्याच दिवशी तिकडे जा. किंवा सेव्हन-इलेव्हनच्या ॲपवर जवळचा खालचा भाव पकडून ठेवा, तो सात दिवस टिकतो. चढून गेल्यावर मात्र टाकी फुल करू नका. पंधरा-वीस लिटर टाका, पुढच्या आठवड्यात परत तेवढंच. भाव उतरत जाईल तसं प्रमाण वाढवा. महिनाभर पेट्रोल न भरता राहता येत नाही, पण कोणत्या दिवशी किती भरायचं हे आपल्या हातात असतं. आणि कृपा करून डिकीत कॅन भरून ठेवू नका, उन्हाळ्यात तर नाहीच.

टीजीपीच वर गेला असेल तर तळही वर सरकतो, त्याला पंपवाला काही करू शकत नाही. इथला टीजीपी ज्याच्यामागे चालतो तो सिंगापूरच्या घाऊक बाजारातला भाव इथल्या बोर्डावर उतरायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. मागच्या तळाचा आकडा डोक्यात धरून बसू नका, आजचा टीजीपी बघा.

डिझेलवाल्यांनी यातलं काहीच करायची गरज नाही. डिझेलला असं चक्र नसतं. जवळपास जो पंप कमी भावाचा दिसेल तिथे कधीही भरा, मंगळवारी भरलं तरी चालेल.