त्या गोल चार्टमधल्या ७० टक्क्यांपैकी किती जणांच्या हातात पैसे पडले?

"हा घ्या पुरावा, सरकारी पत्रकातला छापील चार्ट. ७० टक्के लोकांना लाभ मिळाला आणि फक्त ६ टक्के नामंजूर. हिरवा भाग बघा केवढा मोठा आहे. बेरीज बरोबर १०० भरते म्हणजे आकडे खरेच आहेत. जे ओरडतायत त्यांनी आधी हा फोटो बघावा."

मामाने हा मेसेज घरच्या ग्रुपवर टाकला, तो आधी दहा ठिकाणी फिरून आलेला होता. मी एरवी असल्या गोष्टींवर लिहीत नाही, पण ज्या सरकारी योजनेचं हे पत्रक आहे तिच्यातच माझ्या मावशीचा अर्ज आहे. तो मंजूर झालाय, पैसे आलेले नाहीत. मेसेज वाचून तिला वाटलं की सगळ्यांना मिळाले म्हणजे आपल्याच खात्यात काहीतरी घोळ असणार, आणि ती दोन वेळा बँकेत जाऊन रांगेत उभी राहून पासबुक भरून आली. म्हणून आता नीट लिहितोय. मूळ पत्रक मी मिळवलं, फोटोशी ताडून पाहिलं, कोनमापक घेऊन मोजलंसुद्धा.

आधी ते सत्तर. हा आकडा पत्रकात कुठेही छापलेला नाही. चार्टमध्ये चार तुकडे आहेत: 'लाभ मंजूर' ४६ टक्के, 'लाभ वितरित' २४ टक्के, 'प्रक्रियेत' २४ टक्के आणि 'नामंजूर' ६ टक्के. पहिला गडद हिरवा, दुसरा फिकट हिरवा, एकमेकांना चिकटून. ज्याने मेसेज लिहिला त्याने दोन हिरवे बघितले, ४६ आणि २४ जोडले आणि वर "मिळाला" असं लिहून टाकलं. मंजूर म्हणजे कागदावर होकार, वितरित म्हणजे पैसे गेले. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मावशी पहिलीत आहे आणि दुसरीत नाही, तिला विचारा फरक काय असतो ते.

आता कोणी म्हणेल की वितरित झालेले अर्ज मंजूर झालेलेच असतात ना, मग बेरीज करायला काय हरकत. करून बघू. पाय चार्टचा, म्हणजे अशा गोल चार्टचा एक साधा नियम आहे, प्रत्येक गोष्ट एकाच तुकड्यात मोजायची आणि कुठलीही बाहेर ठेवायची नाही, तरच पूर्ण वर्तुळ म्हणजे १०० टक्के. हा नियम इथे पाळलाय असं धरलं तर 'मंजूर' ४६ म्हणजे मंजुरी मिळाली पण पैसे अजून नाहीत असे अर्ज, आणि पैसे मिळालेले फक्त २४. दुसरी शक्यता अशी की नियम पाळला नाही आणि 'वितरित' २४ हे 'मंजूर' ४६ च्या पोटातलेच आहेत, मग एकूण मंजूर ४६, त्यातल्या २४ ना पैसे मिळाले. पण तसं असेल तर ४६, २४ प्रक्रियेत आणि ६ नामंजूर मिळून ७६ च होतात, शंभरातले उरलेले २४ अर्ज कुठे गेले ते पत्रकात सापडत नाही. तिसरी शक्यता याहून वाईट, ती म्हणजे 'वितरित' २४ टक्के हे एकूण अर्जांचे नसून मंजूर अर्जांचे टक्के असावेत. ४६ चे २४ टक्के म्हणजे जेमतेम ११.

म्हणजे लेबल कसंही वाचलं तरी पैसे हातात पडलेले लोक शंभरात जास्तीत जास्त २४ निघतात. ७० कुठल्याच वाचनात निघत नाही. पत्रक छापणाऱ्याने एका ओळीत लिहायला हवं होतं की मंजूर म्हणजे 'मंजूर, वितरण बाकी', तेवढं लिहिलं असतं तर हा मेसेज जन्मालाच आला नसता, त्यामुळे दोष निव्वळ फॉरवर्ड करणाऱ्यांचा नाही. दोन सलग टप्पे एकाच वर्तुळात शेजारी ठेवायचे आणि रंगही एकाच कुळातले द्यायचे, यात वाचणाऱ्याची चूक होणारच.

"लोकांना" हा शब्द पण चुकलाय. फिरणाऱ्या फोटोत पत्रकाचा खालचा भाग कापलेला आहे, मूळ पत्रकात तिथे बारीक अक्षरात टीप आहे: 'टक्केवारी प्राप्त परिपूर्ण अर्जांची'. म्हणजे ज्यांनी अर्जच केला नाही ते यात नाहीत, एखादं कागदपत्र राहिलं म्हणून अर्ज अपूर्ण ठरला ते पण नाहीत. उदाहरण म्हणून समजा १०० कुटुंबं पात्र आहेत, ६० नी अर्ज केला, ५० अर्ज परिपूर्ण निघाले. त्या ५० चे २४ टक्के म्हणजे १२. पात्र कुटुंबांच्या हिशोबाने ते १२ टक्के झाले. हे आकडे मी समजण्यासाठी धरलेत, खरे किती ते सांगता येत नाही कारण पत्रकात एकूण अर्जांची संख्याच दिलेली नाही, नुसते टक्के आहेत. आणि नामंजूर ६ टक्के इतके कमी का दिसतात याचं एक कारण इथेच असू शकतं, अपूर्ण म्हणून परत गेलेले अर्ज नामंजूर मोजले जात नाहीत.

आता "हिरवा भाग बघा". यावर थोडं थांबतो कारण ग्रुपवर सगळ्यात जास्त लोक इथेच फसले. चार्ट सपाट वर्तुळ नाहीये, थ्रीडी आहे, तिरकी ठेवलेली जाड भाकरी दिसते तसा. मोजला तर त्याच्या वरच्या पृष्ठभागाची उंची रुंदीच्या बरोबर निम्मी भरते. असं वर्तुळ दाबलं की समोरचे आणि मागचे कोन फाकतात आणि बाजूचे आवळतात. या चार्टमध्ये २४ टक्क्यांचे दोन तुकडे आहेत, 'वितरित' अगदी समोर मधोमध आणि 'प्रक्रियेत' त्याच्या उजव्या बाजूला. खऱ्या वर्तुळात दोघांचाही कोन ८६ अंशांच्या आसपास हवा, कारण एक टक्का म्हणजे ३.६ अंश. छापलेल्या चित्रावर कोनमापक ठेवला तर 'वितरित' भरतो सुमारे १२४ अंश आणि 'प्रक्रियेत' सुमारे ५०. म्हणजे कोनावरून अंदाज घेणाऱ्याला एक तुकडा ३४ टक्क्यांचा वाटेल आणि दुसरा १४ चा, आकडा मात्र दोघांवर २४ च. वर आणि समोरच्या तुकड्याची जाडी दिसते, ती पट्टी पण हिरवीच रंगवलेली, मागच्या तुकड्यांना ती पट्टीच नाही. त्यामुळे पैसे मिळालेले लोक वाट बघणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त आहेत असं नुसतं बघून कोणालाही वाटेल.

इथे एक गोष्ट मान्य करावी लागेल. ग्रुपवर चुलतभावाने लिहिलं की चार्टच खोटा काढलाय, हव्या तशा रेघा मारल्यात. तसं नाहीये. मी पत्रकाचा सरळ वरून फोटो काढला, फोटो एडिटरमध्ये रुंदी-उंचीचं प्रमाण मोकळं करून उंची दुप्पट ताणली, वर्तुळ गोल झाल्यावर जिथे सगळ्या रेघा मिळतात तो बिंदू केंद्र धरून कोन मोजले. ८६, ८७, १६५ आणि २२ अंश आले. ३.६ ने भागलं की छापलेलेच टक्के मिळतात, एखाददुसऱ्या अंशाचा फरक हाताने मोजताना येतोच. वरच्या पृष्ठभागावर तुकड्यांचं क्षेत्रफळही बरोबर आहे, कारण एका दिशेने सारखं दाबलं तर क्षेत्रफळांचं प्रमाण बदलत नाही. म्हणजे चित्र काढणाऱ्या सॉफ्टवेअरने काम बरोबर केलंय, फक्त माणूस क्षेत्रफळापेक्षा कोनाने फसतो आणि जाडीची पट्टी त्यात भर घालते.

हे माझं मत म्हणून सांगत नाहीये. क्लीव्हलंड आणि मॅकगिल या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये प्रयोग छापलेत, तेच आकडे लोकांना पाय चार्टमध्ये आणि बार चार्टमध्ये दाखवून अंदाज करायला लावले. कोनावरून अंदाज करताना चुका जवळपास दुप्पट झाल्या. आणि तो पाय चार्ट साधा सपाट होता, तिरका थ्रीडी नव्हता. हेच चार आकडे चार उभ्या बारमध्ये छापले असते तर दोन्ही २४ एकाच उंचीचे दिसले असते.

फिरणारा फोटो तर आणखी बिघडलेला आहे. कोणीतरी पत्रक टेबलावर ठेवून खालच्या बाजूने जवळून फोटो काढलाय, पानाच्या दोन्ही कडा वर जाताना एकमेकींकडे झुकतात, त्यावरून ते लगेच ओळखू येतं. अशा फोटोत जवळचा भाग मोठा आणि लांबचा लहान होतो, त्यामुळे वर सांगितलेलं क्षेत्रफळाचं प्रमाण पण इथे टिकत नाही. नुसतं ताणून तो सरळ होणार नाही, आधी स्कॅनर ॲपमध्ये पानाचे चारही कोपरे पकडून सरळ करावा लागतो. पण या फोटोत खालचे दोन कोपरे कापलेत, त्यामुळे त्यावरून मोजमाप करायचा प्रयत्न करूच नका, मूळ पत्रक घ्या.

राहिली बेरीज. बेरीज १०० भरली याचा उपयोग इतकाच की धूसर फोटोतले आकडे मी बरोबर वाचले. अशा फोटोत १ आणि ९ ची गफलत सहज होते आणि एक आकडा चुकला की बेरीज लगेच बिघडते. पण लेबल चुकीचं असेल तर बेरजेला त्याचा पत्ता लागत नाही. उलट्या बाजूनेही सांगतो, एखाद्या पत्रकात बेरीज ९९ किंवा १०१ आली म्हणून लगेच घोटाळा म्हणू नका, तीन सारखे भाग पूर्णांकात लिहिले तर ३३ तीनदा येतो आणि ९९ च होतात.

मामाला हे सगळं फोनवर सांगितलं, त्याने मेसेज काढला पण पुढे ज्यांच्याकडे गेला त्यांच्याकडे तो आहेच. मावशीला आता बँकेत जायला नको म्हणालो. तिच्यासाठी माहिती मागणारा वेगळा अर्ज लिहून दिलाय, त्यात तीनच प्रश्न आहेत: एकूण किती अर्ज आले, त्यातले किती मंजूर झाले आणि त्यातल्या किती जणांच्या खात्यात प्रत्यक्ष रक्कम जमा झाली, सगळं संख्येत, टक्क्यांत नको. ऑनलाइन तिच्या अर्जापुढे अजून 'लाभ मंजूर' एवढंच दिसतंय, म्हणजे ती त्या ४६ मध्ये आहे.