बाकांचा घाट आणि साडीची नदी: एका प्रतिक्रियेला उत्तर

शाळेच्या नाटकाचा सेट वर्गातल्या बाकांतून आणि साध्या कापडातून कसा उभारायचा, यावर मी लेख लिहिला होता. त्यावर एका वाचकाची प्रतिक्रिया: “लेख वाचला. पण खरं सांगू का, बाकांवर चादरी टाकल्या की त्या चादरी टाकलेल्या बाकांसारख्याच दिसतात. प्रेक्षकांत बसलेले पालक हसतात. वर पाचवीतली मुलं त्या डगमगणाऱ्या बाकांवर चढणार, एखादं पडलं तर जबाबदार कोण? त्यापेक्षा मांडववाल्याकडून रंगवलेला पडदा भाड्याने आणलेला काय वाईट? मी स्वतः शाळेत स्नेहसंमेलन बसवते, म्हणून बोलते आहे.”

मॅडम, नमस्कार.

चादरींबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं. फुलाफुलांची एक चादर, चौकटीची दुसरी, खालून डोकावणारे लोखंडी पाय आणि घडीच्या उभ्या-आडव्या रेषा, असा सेट मीही पाहिलेला आहे. पण तो वाईट दिसतो त्याचं कारण बाक नव्हे, कापडाची निवड आणि ते लावायची पद्धत हे कारण आहे. लेखात मी हे धावतं लिहिलं होतं, म्हणून आता एकच उदाहरण घेऊन सविस्तर सांगतो.

पाचवी-सहावीच्या मुलांचं नाटक होतं. त्यात स्थळं तीन: गावातलं घर, नदीचा घाट आणि एसटी स्टँड. शाळेचा सिमेंटचा ओटा अठरा फूट रुंद आणि बारा फूट खोल. तीन स्थळांसाठी तीन सेट करायचे नाहीत, हे आधी ठरवलं. मागच्या बाजूला एक जड रचना उभी करायची आणि ती नाटकभर हलवायची नाही. पुढे दोन सुटे बाक आणि एक फळा, तेवढंच हलवायचं. मागची रचना म्हणजे घाट. घरात तीच ओसरीचं जोतं होते, स्टँडवर तिथेच प्रवासी बसकण मारतात.

घाटासाठी शिक्षकांची तीन टेबलं ओळीने भिंतीकडे लावली. प्रत्येक चार फुटांचं, म्हणजे लांबी बारा फूट झाली आणि उंची अडीच फूट. त्यांच्या पुढे सहा-सहा फुटांचे लांब बाक, दीड फूट उंचीचे, दोन रांगांत एकमेकांना चिकटवून. त्यांच्याही पुढे पहिलीच्या वर्गातली बैठी डेस्कं, सपाट माथ्याची निवडून, फूटभर उंचीची. अशा तीन पायऱ्या मिळाल्या: एक फूट, मग अर्धा फूट, मग पुन्हा एक फूट. पाचवीतल्या मुलाला हे चढणं जमतं. उतरताना मात्र पळायचं नाही हे तालमीतच सांगून ठेवावं लागतं. बाक आणि डेस्क एकाच लोखंडी सांगाड्यात जोडलेलं असतं ते यात कुठेही वापरू नका. त्याचा माथा उतरता असतो, त्यावर पाय टिकत नाही. ते आडोसा म्हणून मागे उभं करायला ठीक.

आता पडण्याबद्दल. लांब बाक धोकादायक होतो तो टोकाला. त्याचे पाय टोकापासून सात-आठ इंच आत असतात. बाहेर राहिलेल्या भागावर पस्तीस किलोचं मूल उभं राहिलं की दुसरं टोक उचललं जाऊ शकतं. मधोमध चार मुलं उभी राहिली तरी काही होत नाही आणि टोकावरचं एकटं मूल पडतं ते यामुळे. म्हणून दोन गोष्टी करायच्या. दोन्ही रांगांचे पाय एकमेकांना बांधायचे, आणि पुढे बैठ्या डेस्कांना व मागे टेबलांनाही बांधायचे. मग एक बाक उचलायचा तर अख्खा घाट उचलावा लागेल. दुसरं म्हणजे घाटाच्या दोन्ही टोकांना कळशी, धुण्याची बादली, तुळशीची कुंडी अशा वस्तू मांडून टाकायच्या. तिथे मूल पाय ठेवतच नाही, त्याला वेगळं बजावावं लागत नाही, आणि घाटही भरलेला दिसतो.

बांधायला नायलॉनची दोरी घेऊ नका. ती ताणली जाते, तिची गाठ गुळगुळीत असते म्हणून सरकते, आणि तालमीत घट्ट वाटलेलं प्रयोगापर्यंत सैल होतं. पंक्चरवाल्याकडून सायकलच्या जुन्या ट्यूब आणा आणि त्यांच्या दोन बोटं रुंदीच्या लांब पट्ट्या कापा. रबर लोखंडाला धरून ठेवतं आणि ताण देऊन गुंडाळलं की स्वतःच आवळत जातं. प्रत्येक जोडाला दोन ठिकाणी बांधायचं: पायाशी एकदा आणि माथ्याच्या जरा खाली एकदा. फक्त खाली बांधलं तर माथे हलत राहतात. मग शाळेतल्या सगळ्यात वजनदार शिक्षकांना घाटावर चढवायचं आणि डावी-उजवीकडे झोके घ्यायला सांगायचं. कुठे कुरकुर ऐकू आली की तो जोड सैल आहे. दोन मोठ्या माणसांना पेलल्याशिवाय मुलांना वर जाऊ द्यायचं नाही.

उरलेल्या ट्यूबचे तुकडे बाकांच्या पायांच्या तळाला बांधा. सुटा बाक सिमेंटवर सरकला की जो खर्रर्र आवाज होतो त्यात पुढचं वाक्य बुडतं. काही जण पायांना मोजे घालतात. त्याने आवाज थांबतो, पण बाक घसरायला लागतो.

आता कापड. आपण बाकावर कापड पसरतो, आणि बिघडतं ते तिथेच. पसरलेलं कापड लाकडावरून सरकतं, त्यावर पाय ठेवणारं मूल घसरतं, शिवाय लोंबणारी कड पायात येते. पण पालक कुठे बसलेले असतात ते बघा. ओटा अडीच फूट उंच, पालक समोर सतरंजीवर किंवा खुर्चीवर. त्यांना पायरीचा माथा जवळपास दिसतच नाही, दिसते ती पायरीची उभी बाजू. मग कापड तिथेच लावायचं आणि माथा उघडा ठेवायचा. पायाखाली कोरडं लाकूड राहतं, घसरण्याचा प्रश्न मिटतो आणि कापडही निम्म्याहून कमी लागतं.

आम्ही सहा मीटर मांजरपाट घेतला. घाट बारा फूट, दोन्ही बाजूंना वळवायला तीन-तीन फूट, असे अठरा फूट म्हणजे साडेपाच मीटर, उरलेला आटण्यासाठी. उभ्या बाजूंची उंची बारा, सहा आणि बारा इंच, मिळून तीस. प्रत्येक पट्टीला वर दुमडून बांधायला दोन इंच धरले की छत्तीस इंचांच्या पन्ह्यातून तिन्ही पट्ट्या उभ्या फाडून निघतात. पन्हा चाळीस इंचांचा मिळाला तर बरं, कारण मांजरपाट धुतल्यावर रुंदीतही आटतो. म्हणून आधी धुवायचा, मग रंगवायचा, मग फाडायचा. रंगाला बाजारातली कापडाची राखाडी पुडी, गरम पाणी आणि मीठ. कापड पातेल्यात कोंबून भिजवलं की रंग कुठे गडद, कुठे फिका बसतो. साडी रंगवताना हा दोष असतो, इथे नेमका तोच हवा आहे. पंधरा फुटांवरून ते डाग दगडासारखे दिसतात. शिवाय टेबल, बाक आणि डेस्क या तीन वेगळ्या वस्तू एकाच रंगाखाली गेल्या की डोळा त्यांना वेगळं मोजत नाही, एकच बांधकाम बघतो. तुम्ही म्हणता तो ‘चादर टाकलेला बाक’ इथे नाहीसा होतो. पट्टी जमिनीपासून बोटभर वर ठेवायची. खिळा एकही मारायचा नाही. पट्टीच्या वरच्या कडेला नाड्या शिवायच्या आणि माथ्याखालून पायांना बांधायच्या.

मागच्या पडद्याला आम्ही जुन्या साड्या वापरल्या. साडेपाच मीटरची साडी आडव्या बांबूवरून मधोमध दुमडली की नऊ फुटांचा दुहेरी पडदा मिळतो. दुहेरी असल्याने मागच्या खिडकीचा उजेड आणि मागून जाणाऱ्या मुलांच्या सावल्या अडतात. साडीचा पन्हा पावणेचार फूट. अठरा फुटांना पाच साड्या पुरतात, पण मग पडदा ताणून बसवल्यासारखा सपाट दिसतो. आठ घेतल्या तर चुण्या पडतात आणि त्यात साड्यांचे जोड लपतात. सगळ्या सुती, बिनकाठाच्या, तपकिरी किंवा गडद निळ्या. पालकांकडे ‘जुन्या साड्या द्या’ अशी चिठ्ठी पाठवली की जरीच्या आणि चकचकीत येतात, म्हणून रंग आणि पोत चिठ्ठीतच लिहा. दोरीवर एवढं वजन टाकलं तर ती मधे पोट काढते. बांबूच लावा, आणि तो खिडकीच्या गजांना बांधा. पंख्याच्या हुकांना अजिबात नको.

आगीबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी लिहितो, कारण कापडाच्या सेटमध्ये मला खरी काळजी तिची वाटते. सुती कापड भुरकन पेटतं आणि सिंथेटिक वितळून थेंब-थेंब गळतं, दोन्ही वाईटच. हॅलोजनचा दिवा कापडापासून किमान चार फूट लांब हवा. शक्यतो एलईडीच घ्या, तो बराच कमी तापतो. घाटावर दिवे सोडायचा प्रसंग असेल तर पणती खोटी, आत बॅटरीचा दिवा. वाळूच्या दोन बादल्या विंगेत ठेवा आणि त्यांच्यापाशी एक मोठा माणूस उभा करा.

रंगवलेल्या पडद्याला माझा विरोध नाही. त्याची अडचण एवढीच की तो मागे लटकतो आणि मुलं त्याच्यापुढे एका रांगेत उभी राहतात. त्यावर रंगवलेल्या पायरीवर कुणाला बसता येत नाही. आपल्याकडे कोकणातल्या दशावतारात रंगवलेला पडदाही असतो, पण राजा बसतो तो समोरच्या एका साध्या बाकड्यावर, आणि प्रेक्षक त्याला सिंहासन मानतात. मानतात कारण नट ते शेवटपर्यंत सिंहासनासारखंच वापरतो. मुलांना हे शिकवावं लागतं. घराचं दार जिथे ठरलं तिथूनच आत यायचं. एक जरी मूल भिंतीतून चालत गेलं तर पालक नक्की हसतील, आणि ते हसणं सेटला नसेल. त्यासाठी सुट्या बाकांच्या जागा ओट्यावर इन्सुलेशन टेपने आखा, प्रत्येक स्थळाला वेगळा रंग. आमच्याकडे स्थळ बदलायला दोन-दोन मुलं एकेक बाक उचलून नेत, प्रेक्षकांसमोरच, गाणं चालू असताना. निळी नऊवारी दोघींनी दोन्ही विंगांतून गुडघ्याच्या उंचीवर धरून सावकाश हलवली की नदी. पात्रं तिच्या मागे घाटावरच राहायची, कापडावर कुणी पाय द्यायचा नाही.

कुठे हे चालणार नाही तेही सांगतो. नाटक दिवाणखान्यातलं असेल, सोफा-टीव्ही-फ्रिज हे सगळं संवादात येत असेल, तर बाकांच्या नादी लागू नका. आणि बालनाट्य स्पर्धेला बाहेरच्या नाट्यगृहात जायचं असेल तर टेबलं टेम्पोत घालून नेण्यात अर्थ नाही. बहुतेक नाट्यगृहांत लाकडी लेव्हल, म्हणजे उभं राहायचे चौथरे, मिळतात. आधी फोन करून त्यांची मापं विचारा आणि तालमीतला घाट त्याच उंचीचा करा. राखाडी पट्ट्या तेवढ्या सोबत न्या, त्या कुठल्याही लेव्हलला बसतात.

एक राहिलंच. बाक वर्गातून हलवण्याआधी प्रत्येकाच्या खालच्या बाजूला वर्ग आणि तुकडी खडूने लिहा, नाहीतर दुसऱ्या दिवशी शिपाईकाका तुमच्याशी बोलणार नाहीत. तुमच्या ओट्याची रुंदी-खोली आणि नाटकातली स्थळं इथेच खाली लिहिलीत तर मांडणी कशी करता येईल ते सुचवतो.