मुलाचा क्यूआर बापाच्या गाळ्यावर लावू नका

मंडईतल्या वडिलांना यूपीआयवर आणायचं असेल, तर पहिला क्यूआर त्यांच्याच खात्याचा हवा, हे माझं ठाम मत आहे. बहुतेक घरांत उलटं होतं. मुलगा स्वतःच्या मोबाईलमधला क्यूआर छापून आणतो, वजनकाट्याशेजारी चिकटवतो आणि वडील ऐकत नाहीत म्हणून वैतागतो. ते का ऐकत नाहीत, हे एका गोष्टीतून सांगतो. यातले बापलेक कल्पित आहेत, पण हिशेब आणि नियम खरे आहेत.

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत कांदा-बटाटा-लसणाचा गाळा. अण्णा पहाटे चारला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जातात, भाव दहा किलोवर ठरवतात, आडत-हमाली-तोलाई धरून रोख मोजतात आणि टेम्पोने माल आणतात. रात्री गल्ला मोजायचा, उद्याच्या खरेदीचे बाजूला काढायचे, उरलेले घरी न्यायचे. उधारी लाल वहीत. चाळीस वर्षं हीच रीत.

मुलाने आपला क्यूआर लावला आणि आठवड्यातच भांडण झालं. गिऱ्हाईक म्हणायचं, "पाठवले बघा." अण्णांच्या हातात काहीच नाही, कारण मेसेज मुलाच्या मोबाईलवर आणि मुलगा त्याच्या ऑफिसात. दर वेळी त्याला फोन करायचा, तोवर पुढची दोन गिऱ्हाईकं ताटकळत. चाळीस वर्षं स्वतःच्या हाताने गल्ला सांभाळलेल्या माणसाला स्वतःच्याच गाळ्यावर "पैसे आले का रे?" असं मुलाला विचारावं लागतं, यात त्यांचं काय चुकलं? शिवाय गाळ्याची विक्री मुलाच्या बचत खात्यात जमा होत राहिली. उद्या आयकर खात्याने विचारलं तर ती रक्कम मुलाची दिसणार आणि पगाराशिवायचं हे उत्पन्न कुठलं, याचं उत्तर त्यालाच द्यावं लागणार.

मग त्याने वडिलांच्या नावाने धंद्यासाठी वेगळं चालू खातं उघडलं आणि त्यावर व्यापाऱ्याचा क्यूआर घेतला. घेताना एक प्रश्न विचारला, तो प्रत्येकाने विचारावा: पैसे त्याच क्षणी खात्यात येतात, की दिवसभराचे गोळा होऊन दुसऱ्या दिवशी? ज्याला पहाटे चारला खरेदी करायची आहे, त्याला दुसऱ्या दिवशी दुपारी आलेले पैसे त्या दिवसापुरते बिनकामाचे. गाळ्यावर आवाज देणारा साउंडबॉक्स बसवला. त्याला वेगळं सिम असतं आणि बहुधा महिन्याचं भाडं कापलं जातं, ते आधी विचारून घ्यावं. तो डबा कुठे ठेवायचा यातही गंमत आहे. गाळ्याच्या आत, पोत्यांच्या थप्पीमागे नेटवर्क पोचत नव्हतं आणि घोषणा मिनिटभर उशिरा यायची. तोच डबा बाहेरच्या बाजूला, खांबाला टांगल्यावर लगेच बोलायला लागला. भाषा मराठी ठेवली. अण्णा आता काट्यावरची नजर न काढता ऐकतात.

तरीही दुसरं भांडण झालं, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रात्री गल्ला मोजला की अण्णा अस्वस्थ. "धंदा बसत चाललाय." धंदा बसला नव्हता. निम्म्याहून जास्त विक्री खात्यात जात होती आणि गल्ला तेवढा हलका झाला होता. ज्याने आयुष्यभर धंद्याची तब्येत नोटांच्या जाडीवरून ओळखली, त्याला बँकेतला आकडा दिसत असूनही पटत नाही. त्यात पहाटेच्या खरेदीला रोख कमी पडायला लागली. इथे बरेच जण यूपीआय बंद करून मोकळे होतात.

मुलाने दोन गोष्टी केल्या. आडत्याच्या मुनीमजींकडून पेढीचा खाते क्रमांक घेतला आणि मोठी खरेदी थेट खात्यातून चुकती करायला सुरुवात केली. त्यामुळे खरेदीचा पुरावाही आपोआप तयार झाला. हमाल आणि टेम्पोपुरती रोख बाजूला ठेवली. दुसरं म्हणजे, वडिलांचा रोजमेळ तसाच ठेवून त्यात एक रकाना वाढवला. एका दिवसाचा मेळ बघा.

सकाळी गल्ल्यात सुट्टे २,००० रुपये. रात्री मोजले ५,६८०. दिवसात जुनी उधारी रोखीत आली ६००. गल्ल्यातून चहा, पिशव्या, हमाली यांना ३७० गेले आणि घरखर्चाला ५००, म्हणजे ८७०. आता रोख विक्री काढायची तर रात्रीच्या रोकडीतून सकाळची रोकड वजा, वसुली वजा आणि गेलेला खर्च अधिक: ५,६८० − २,००० − ६०० + ८७० = ३,९५०. खात्यात यूपीआयने आले ६,२४०, त्यातले ३०० जुन्या उधारीचे, म्हणून यूपीआय विक्री ५,९४०. नवी उधारी दिली १,४५०. एकूण विक्री ११,३४०.

अण्णांनी हा आकडा दोनदा बघितला. गल्ला बघून ते चार हजारांचा दिवस समजत होते. यात हमखास होणारी चूक म्हणजे उधारीची वसुली विक्रीत धरणं. माल दिला त्या दिवशी विक्री एकदा मोजलेली असते. पैसे आले त्या दिवशी पुन्हा मोजली तर महिन्याची विक्री फुगते आणि पुढे करातही तोच फुगलेला आकडा जातो. दुसरी चूक म्हणजे पुतण्याने पाठवलेले पैसे किंवा भिशीची रक्कम त्याच खात्यात घेणं. म्हणूनच खातं वेगळं हवं.

आता उधारीची वही. मुलाला आधी सगळी वही मोबाईलमध्ये उतरवायची होती. अशा नादात पंधरा दिवस जातात आणि काम अर्धवट राहतं. त्याने एक तारीख ठरवली, प्रत्येक नावापुढे त्या दिवशीची बाकी एवढी एकच नोंद केली आणि जुनी वही जपून कपाटात ठेवली. नावंही वडिलांचीच ठेवली: "जिन्याखालची ताई", "निळी पाटी मेस". तिथे मुलाने खरी नावं घातली असती, तर अण्णांना एकही खातं सापडलं नसतं.

एक घोटाळा मात्र झालाच. उधारीच्या ॲपमधली आपोआप आठवण पाठवायची सोय चालू राहिली. रात्री नऊ वाजता मेसवाल्याला मेसेज गेला, "तुमची बाकी ४,२०० रुपये". दुसऱ्या दिवशी त्याने कांदा समोरच्या गाळ्यावरून घेतला. अण्णा एवढंच म्हणाले, "वीस वर्षांचं गिऱ्हाईक आहे, त्याच्याकडे कधी मागायचं ते मला कळतं." ते बरोबर होते. मेसवाला दर महिन्याच्या दहा तारखेला, त्याच्याकडे डब्यांचे पैसे जमले की, देतो. मुलाने ती सोय बंद केली, आणि माझ्या मते कुठल्याही गाळ्यावर ती पहिल्या दिवशीच बंद करावी. ॲपचा उपयोग बेरजेला करायचा, मागणं माणसाने करायचं. महिन्याला एकदा सगळ्या नोंदी फाईल म्हणून काढून दुसरीकडे ठेवायच्या. फोन हरवला तरी बाकी हरवत नाही.

फसवणुकीबद्दल थोडंच सांगतो. गिऱ्हाईकाच्या स्क्रीनवरची हिरवी खूण पुरावा धरू नये, तसं दिसणारी खोटी ॲप्स आहेत. डबा बोलला किंवा खात्यात दिसलं तरच पैसे आले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. रोज सकाळी बोहनीआधी स्वतःच्या फोनने आपला क्यूआर स्कॅन करून नाव बघावं, कारण रात्रीतून वर दुसरा कागद चिकटवल्याचे प्रकार घडतात. गिऱ्हाईकाच्या खात्यातून गेले पण आपल्याकडे आले नाहीत, तर त्याच्याकडून बारा आकडी व्यवहार क्रमांक लिहून घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे दुकानदाराला केलेला असा अडकलेला व्यवहार पाच दिवसांत आपोआप परत जायला हवा, नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. हे शांतपणे सांगता आलं की गाळ्यावर तंटा होत नाही.

शेवटची आणि खरी भीती कराची. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, बंगळुरूत "यूपीआय नाही" अशा पाट्या लागल्या. ते मंडईपर्यंत पोचलं आणि अण्णांनी क्यूआर पोत्यामागे ढकलला. मुलाने वाद घातला नाही, कागद पुढे घेतला. ताज्या कांदा-बटाटा-लसणावर जीएसटी नाही. फक्त करमुक्त मालच विकणाऱ्याला, विक्री कितीही असली तरी, नोंदणी लागत नाही. पण नोटीस आलीच, तर खात्यातले पैसे कांद्याचेच होते हे दाखवायला आडत्याची बिलं आणि रोजमेळ लागतो. नुसतं बँकेचं स्टेटमेंट माल कुठला होता ते सांगत नाही.

आयकराचंही गणित मांडलं. वर्षाची विक्री अडतीस लाख धरली, त्यातले वीस लाख यूपीआयने. छोट्या व्यापाऱ्यांच्या अंदाजी नफ्याच्या तरतुदीत यूपीआय आणि बँकेतून आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के, रोखीवर किमान ८ टक्के नफा धरतात. वीस लाखांचे १ लाख २० हजार, अठरा लाखांचे १ लाख ४४ हजार, मिळून २ लाख ६४ हजार. नव्या करप्रणालीत आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून पहिल्या चार लाखांवर करच नाही. खरा नफा यापेक्षा जास्त असेल तर तो जास्तच दाखवावा लागतो, हेही मुलाने सांगितलं, लपवलं नाही. अण्णांनी विचारलं, "म्हणजे रोखीवर जास्त धरतात?" हो, रोखीवरच जास्त. क्यूआर पुन्हा पुढे आला. बोहनी मात्र अजून रोखीचीच घेतात, आणि त्यात मुलगा पडत नाही.

दिवाळीपासून गाळ्यावर पाकीटबंद मसाले ठेवायचे अण्णांच्या मनात होतं. त्या मसाल्यावर कर आहे. एक पाकीट जरी विकलं, तरी "फक्त करमुक्त माल" ही सवलत संपते आणि कांद्यासकट सगळी विक्री चाळीस लाखांच्या मर्यादेशी मोजली जाते. अडतीस लाखांच्या गाळ्याला ती मर्यादा एका बऱ्या हंगामात ओलांडेल, इतकी जवळ आहे. म्हणून मसाले यंदा ठेवायचे नाहीत, असं ठरलं. ते रोजमेळ समोर ठेवून अण्णांनीच ठरवलं.