घरात माणसं किती?

‘‘यांच्या अंगलटीला तीन लिटर कुठलं पुरायला?’’

हे वाक्य गेल्या रविवारी सकाळी साडेअकराला, आमच्या कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात, पाच गिऱ्हाइकं आणि दोन पोऱ्यांच्या साक्षीने माझ्याबद्दल उच्चारलं गेलं. उच्चारणारे गृहस्थ माझ्या ओळखीचे नव्हते. डोक्याला माकडटोपी, हातात कापडी पिशवी, आणि खरेदी काय, तर ट्यूबचा एक स्टार्टर. वीसेक रुपयांचा ऐवज. तेवढ्या भांडवलावर हा माणूस पाऊण तास माझ्या आंघोळीचा न्यायनिवाडा करत होता.

झालं होतं एवढंच, की आमचा अकरा वर्षांचा पंधरा लिटरचा गिझर गळायला लागला. आधी तळाशी एक थेंब, मग तांबूस ओघळ. मेकॅनिकने वर बघूनच ‘टाकी गेली’ म्हणून सांगितलं. आत एक अ‍ॅनोड रॉड असतो, टाकीला गंज लागण्याऐवजी तो स्वतः झिजतो आणि दोन-चार वर्षांनी बदलायचा असतो, हेही त्याने तेव्हाच सांगितलं. अकरा वर्षांत दर वर्षी सर्व्हिसिंगचे पैसे घेताना यातलं एक अक्षर कोणी बोललं नव्हतं. असो. (‘असो’ म्हटलं तरी ते सलतंय.)

दुकानात पर्याय दोन. तीन लिटरचा इन्स्टंट, 3,200 रुपये. पंचवीस लिटरचा स्टोरेज, पाच ताऱ्यांचा, 9,400. फरक 6,200 रुपयांचा. मी मध्यमवर्गीय माणूस. माझं बोट आपोआप 3,200 कडे गेलं. दुकानदाराने विचारलं, ‘‘साहेब, घरात माणसं किती?’’ मी म्हटलं, चार. आणि तिथेच माझ्या डाव्या खांद्यामागून ते अंगलटीचं वाक्य आलं.

मी वळून पाहिलं. काकांनी माकडटोपी कानांवरून जरा वर सरकवली, म्हणजे आता सविस्तर होणार.

‘‘आंघोळ बादलीची की शॉवरची?’’

‘‘बादलीची,’’ मी. उत्तर का दिलं, देव जाणे. शाळेतल्या सवयी जात नाहीत.

‘‘सगळ्यांची?’’

‘‘मुलगी शॉवर घेते.’’

‘‘केस लांब आहेत का तिचे?’’

आता मात्र मी ऐकू न आल्यासारखं करून पंख्यांकडे बघायला लागलो. परक्या माणसाच्या मुलीच्या केसांची चौकशी! पण काकांना उत्तराची गरज नव्हती. ते दुकानदाराकडे वळले. ‘‘यांना इन्स्टंट देऊ नका हो. तीन हजार वॉटचा असतो तो. मीटर भिंगरीसारखं फिरेल. स्टोरेज दोन हजार वॉट. सरळ तिसरा हिस्सा बिल वाचलं.’’

पाचही गिऱ्हाइकांनी माना डोलावल्या. दुकानदारानेही डोलावली, त्याला 9,400 दिसत होते.

इथे माझ्यातला, बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलेला आणि नंतर तीस वर्षं बँकेत व्हाउचर तपासणारा माणूस जागा झाला. मी म्हटलं, ‘‘काका, वॉट म्हणजे वेग. बिल वेगावर नाही येत. युनिटवर येतं.’’

‘‘तेच ते.’’

‘‘तेच नाही.’’ मी काउंटरवरचं बिलबुक उलटं केलं आणि हिशेब मांडला. एका युनिटात 860 लिटर पाणी एका अंशाने तापतं. हा आकडा पाठ ठेवला की दुसरं काही लागत नाही. आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी जानेवारीत सकाळी साधारण 17 अंशांवर असतं. आंघोळीला 40 पुरे. म्हणजे 23 अंश चढवायचे. वीस लिटरची बादली गुणिले 23 म्हणजे 460. भागिले 860. बादलीला अर्ध्या युनिटाहून जरासं जास्त. तीन हजार वॉटवाला ते काम अकरा मिनिटांत करतो, दोन हजारवाला सोळा मिनिटांत. युनिट तेवढंच. चार माणसांचं दोन युनिटांच्या थोडं वर.

काकांनी तो कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाले, ‘‘अकरा मिनिटं?’’

‘‘हो.’’

‘‘एका बादलीला?’’

‘‘हो.’’

‘‘आणि तोवर तुम्ही काय करणार? उघडे उभे राहणार?’’

दुकानात हशा पिकला. स्टार्टर बांधून देणारा पोऱ्यासुद्धा हसला. मी हिशेब जिंकलो होतो आणि वादात हरलो होतो. बँकेतही असंच व्हायचं.

पण त्या माणसाचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, हे मला घरी आल्यावर, राग थोडा निवल्यावर कळलं. तीन हजार वॉटच्या जिवावर थंडीत मिनिटाला दोन लिटरसुद्धा धड मिळत नाही. ती करंगळीएवढी धार. नळ जरा जास्त सोडला की पाणी येतं भरपूर, पण कोमट, तिशीतलं. आणि साबण लावायला नळ बंद केला की आतलं तीन लिटर तापत बसतं. पुन्हा सोडला की पहिला तांब्या चटका देतो, तिसरा तांब्या शहारा. माझ्या मेहुण्याकडे हाच प्रकार आहे. त्याच्याकडे आंघोळ करणं म्हणजे दर मिनिटाला ऋतू बदलणं. साडेचार हजार वॉटचेही इन्स्टंट मिळतात, धार त्यांची बरी, पण ते वीस अँपिअर ओढतात. त्याला सोळाचा प्लग चालत नाही. मीटरच्या बोर्डापासून चार एमएमची स्वतंत्र तार ओढायला हवी. आमच्या इमारतीत 1994 साली बिल्डरने बाथरूमचा पॉइंट आणि वॉशिंग मशीन एकाच तारेवर दिलंय. ब्रोशरमध्ये मात्र ‘कन्सील्ड वायरिंग’ असं ठळक छापलं होतं. कन्सील्ड का होतं, ते आता कळतंय.

हेही काकांनीच विचारलं होतं, बरं का. ‘‘जुन्या गिझरचा प्लग पिवळा पडलाय का? पिना हाताला गरम लागतात?’’ मी ‘नाही’ म्हणालो. घरी येऊन बघितलं तर प्लग पिवळा नव्हता. तपकिरी होता.

आता स्टोरेजचं. तिथे फुकट जाते ती आंघोळीची वीज नव्हे, वाट बघण्याची वीज. टाकी तापून बसली की दिवसभर भिंतीला ऊब देत राहते, आणि चालू ठेवली तर थर्मोस्टॅट अधूनमधून टक् करून ती भरपाई करतो. डब्यावरचे तारे सांगतात ते एवढंच: नुसतं बसून राहताना हे भांडं किती उष्णता गमावतं. पंचवीस लिटरच्या पाच तारेवाल्याचं ते दिवसाला अर्ध्या युनिटाच्या आसपास, तेही दिवसरात्र चालू ठेवलं तर. सगळे आकार धरून दहा रुपये युनिट धरलं, तर पाच रुपये रोज. सकाळी लावून आठला बंद केलं तर त्याहून कमी. आणि दुकानदार मला तीन तारे आणि पाच तारे यांतला फरक ‘साहेब, पाणी लवकर तापतं’ असा समजावून सांगत होता. लवकर कसं तापेल? आत कॉइल तीच, दोन हजारची. हा माणूस दिवसाला चार-पाच गिझर विकतो. कोणाला म्हणून सांगायचं?

तर सरळ बघायला गेलं, तर इन्स्टंट घेतानाही स्वस्त आणि वापरतानाही स्वस्त, थोडासा का होईना. स्टोरेजच्या त्या जादा 6,200 रुपयांत वीज वाचत नाही, बिल कमी होत नाही. ते पैसे आपण उघडं उभं न राहण्याचे देतो. एकटादुकटा माणूस असेल, किंवा नवराबायको दोघंच, आणि बादली लावून बाहेर चहा पीत बसायची सवय असेल, तर ते पैसे देण्यात अर्थ नाही. आमच्याकडे एक बाथरूम, चार माणसं, आणि साडेसहा ते आठ एवढाच वेळ. शिवाय आई ब्याऐंशीची. तिला करंगळीच्या धारेखाली जानेवारीत बसवणं माझ्याने झालं नसतं.

म्हणून सोमवारी मी गुपचूप जाऊन 9,400 मोजले. दुकानदार म्हणाला, ‘‘काका बरोबर बोलत होते ना?’’ मी म्हटलं, कारण चुकीचं होतं. तो म्हणाला, ‘‘पण गिझर तोच घेतलात.’’

मंगळवारी बसवला. 37 मिनिटांत तापतो, मी घड्याळ लावून बघितलं. 25 लिटर 17 वरून 60 वर न्यायला सव्वा युनिट, हिशेबाबरहुकूम. साठ अंशाच्या त्या पंचवीस लिटरात थंड पाणी घातलं की कागदावर सव्वादोन बादल्या होतात. प्रत्यक्षात दोनच, कारण गरम पाणी बाहेर पडतं तसं खालून गार आत शिरतं आणि शेवटचं पाणी सौम्य करून टाकतं. आईची एक, बायकोची एक, मध्ये वीस-पंचवीस मिनिटांचा श्वास, मग मुलगी, मग मी. तक्ता करून बाथरूमच्या दाराला लावला. मुलीने त्यावर पेनाने ‘बँक बंद झाली बाबा’ असं लिहिलं.

बुधवार ठीक गेला. गुरुवारी मुलीने केस धुतले.

आमचा शॉवर मिनिटाला सातेक लिटर सोडतो. त्यातलं निम्म्याहून जास्त गिझरचं. म्हणजे भरलेली टाकी सात-आठ मिनिटांत संपते. माझ्या मुलीचे केस कमरेपर्यंत आहेत. ती बावीस मिनिटं आत होती. शेवटी शेवटी बहुधा गारच पाणी, पण तिला कानात गाणी असताना ते जाणवत नाही. मी डोक्याला तेल चोपडून, पंचा गुंडाळून, दाराबाहेर आठ वाजून पाच मिनिटांपर्यंत उभा होतो. आत गेलो, तांब्या अंगावर ओतला, आणि माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून आईने स्वयंपाकघरातून विचारलं, ‘‘पडलास का रे?’’

चार माणसं, असं मी दुकानात सांगितलं होतं.

काल संध्याकाळी ती माकडटोपी समोरून येताना दिसली. हातात तीच पिशवी. मी रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेलो आणि एका बंद दुकानाचं शटर फार लक्षपूर्वक बघत उभा राहिलो.