नव्वदचा दर आणि बासष्टचा बाजार

गेल्या आठवड्यात तासगावकडच्या एका मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर जाहिरात पाठवली. अगरबत्तीचं मशीन घ्या, कच्चा माल आम्ही देऊ, तयार माल आम्हीच उचलू, घरबसल्या महिना 60 हजार. खाली तिचा प्रश्न, "खरं असंल का गं?" तिला फोनवर अर्धा तास सांगितलं ते इथे लिहिते, कारण आमच्या घरात हे घडून गेलंय.

माझी धाकटी जाऊ गावी असते. दीड वर्षापूर्वी तिने असंच मशीन घेतलं, 1,45,000 रुपयांना. थोडे बचत गटाचे, थोडे गंठण ठेवून. काडी आणि तयार पावडर कंपनी 58 रुपये किलोने देणार आणि वाळलेली कच्ची अगरबत्ती, म्हणजे सेंट न लावलेली, 90 रुपयांनी परत घेणार. किलोला 32 सुटतात. दिवसाला 100 किलो धरून कंपनीच्या माणसाने तिच्या वहीवर 3,200 रोज लिहून दिले होते. ती वही अजून घरात आहे.

मी सांगलीत दुकानदारांच्या वह्या लिहिते, तरी मला तिने मशीन आल्यावरच सांगितलं. "अक्का, तू नको म्हणाली असतीस म्हणून नाही बोलले." खरंच म्हणाले असते.

आता 100 किलोचं बघा. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने 2020 मध्ये अगरबत्तीची योजना आणली, तेव्हा त्यांनी मांडलेला हिशोब असा होता: एका स्वयंचलित मशीनवर चार माणसं, दिवसाला 80 किलो, मजुरी किलोला 15 रुपये. म्हणजे 1,200 रुपये, चौघांत वाटले की माणशी 300. त्यानंतर दर वाढले असतील असं धरलं, तरी एकटी बाई स्वयंपाक, गुरं, पोरांची शाळा सांभाळून 100 किलो कशी काढणार? जाऊबाईचे दिवसाला 30 किलो व्हायचे, तेही काडी सरळ असेल तर. काडी जरा वाकडी किंवा कमी-जास्त जाडीची आली की मशीन अडकतं, मग उघडा, साफ करा, परत चालू करा. वाळवण वेगळं. आणि पावसाळ्यात वाळवण म्हणजे काय ते बेदाणा करणाऱ्याला विचारा.

पहिला 150 किलोचा माल गेला, आठव्या दिवशी पैसे खात्यात. दुसरा 150 गेला, पैसे जमा. सासूबाईंनी गल्लीत पेढे वाटले. तिसरा 250 चा गेला, निम्म्याचेच पैसे आले, "बाकीचे पुढच्या बिलात". चौथा 250 किलो "ओल आहे, पावडर सुटते" म्हणून नापास झाला. मग फोन लागेना.

तेव्हा मी एक पिशवीभर काड्या घेऊन गणपती पेठेत गेले. हे काम मशीन घेण्याआधी करायचं असतं, मी नंतर केलं. तिथल्या व्यापाऱ्याने काडी वाकवून पाहिली, वास घेतला, म्हणाला माल बरा आहे, ओल नाही. दर? "मला बासष्टला घरपोच मिळते ताई. नव्वदला कोण घेणार?" म्हणजे 58 चा माल घालून किलोला 4 रुपये सुटणार, त्यातनंच वीज आणि टेंपोभाडं.

मग प्रश्न असा, की बाजारात 62 ला मिळणारी वस्तू कंपनी 90 ला का घेत होती? सरळ आकडेमोड करते. तसंच मशीन मी दुसरीकडे विचारलं, 80 हजार सांगितले. म्हणजे आमच्याकडून 65 हजार वरचे घेतले. कंपनीने एकूण 425 किलोचे पैसे दिले. किलोला बाजारापेक्षा 28 जास्त, म्हणजे 11,900. 65 हजारांतून ते वजा केले तरी 53,100 त्यांच्या खिशात राहिले, पावडरीवरचा नफा वेगळाच. जाऊबाईने मात्र मशीनचे आणि 800 किलो मालाचे मिळून 1,91,400 घातले होते, हातात आले 38,250.

पहिली दोन बिलं वेळेवर आली म्हणून कंपनी खरी, असं घरातले सगळे म्हणत होते. मीही गप्प बसले. पण ती बिलं आमच्याच पैशातून दिली जात होती, आणि ती बघून शेजारच्या दोघींनी मशीन बुक केलं. तो पेढा कंपनीला किती स्वस्तात पडला! आपल्या जिल्ह्याने 2019 मध्ये इस्लामपूरचं कडकनाथ बघितलंय. पक्षी आम्ही देऊ, अंडी आम्ही घेऊ, दर बाजाराच्या किती वर. तिथे कोंबडी होती, इथे काडी.

कागदपत्रं होती की, असं म्हणाल. होती. उद्यमचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं. पण ती नोंदणी कुणीही स्वतःच माहिती भरून फुकट करतो, त्यावरून धंदा चालतो का ते कळत नाही. जीएसटी नंबर होता, तो मी services.gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये टाकला. नोंदणी अवघ्या सात महिन्यांपूर्वीची. त्याहून खटकलं ते दुसरंच: मशीनचं बिल एका फर्मच्या नावाने आणि माल परत घेण्याचा करार दुसऱ्याच नावाने. मशीनवाल्याला गाठलं तर तो म्हणाला, "मशीन चालतंय ना? मग आमचा काय संबंध?" आणि करारात एक ओळ, "माल दर्जेदार असल्यास". दर्जा म्हणजे ओल किती चालेल, काडी किती मिलिमीटरची, तपासणी कुठे, नापास माल परत कोण आणून देणार, यातलं काहीच नाही. ती एक ओळ असली की 90 काय, 900 दर लिहायलाही हरकत नाही.

आता खरं काम कसं दिसतं तेही सांगते, कारण सगळंच फसवं नसतं. आमच्या मिरजेच्या आत्या रद्दीच्या पिशव्या करतात. व्यापारी कागद मोजून देतो, अनामत नाही, मशीन नाही. शंभर पिशव्यांना 12 रुपये, शनिवारी हिशोब रोख. शंभराला पाऊण तास लागतो, म्हणजे तासाला 16 रुपये. वर खळीचा मैदा आत्यांचा. ऐकून राग येतो ना? मलाही येतो, आणि त्या व्यापाऱ्याशी मी एकदा भांडले आहे, मैद्याचे पैसे तरी दे म्हणून. दिले नाहीत. पण तो फसवत नाही, कारण बाजारात ती पिशवी जितक्याला विकते त्यातनंच तो देतो. खरा खरेदीदार असणं वेगळं आणि रास्त दर देणारा असणं वेगळं, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. जाहिरातीतला दर ऐकून मन हरखलं, तर मला आता आत्यांचे 16 रुपये आठवतात.

मैत्रिणीला एवढंच सांगितलं, की नमुन्याच्या दोन किलो काड्या आण, त्या कंपनीचं नाव न घेता पेठेत तीन दुकानांत दर विचार, आणि मग वही उघड. ती म्हणाली, "ते नमुना देत नाहीत, आधी बुकिंग करा म्हणतात."

आमचं मशीन गोठ्याच्या कडेला आहे, जुन्या साडीखाली. परवा पलूसकडचा एक पोरगा 30 हजारांना मागायला आला. नवी कंपनी आहे म्हणाला, माल परत घेते. जाऊबाईने विचारलं, "दर काय देतात?"

"पंच्याण्णव."

तिने त्याला बसवलं, चहा ठेवला, आणि आतून नापास मालाचं बुरशी आलेलं पोतं ओढत बाहेर आणलं.