दुसरा ना नफा ना तोटा बिंदू

“विक्रीची रक्कम आणि एकूण खर्च किती किलोला सारखे होतात हे काढताना समीकरणाची दोन उत्तरे येतात, ४० आणि १६०. मग मोठे उत्तर सोडून द्यायचे का?”

सोडू नये, कारण ऋण उत्तर निरर्थक म्हणून टाकून देतो तशी ही स्थिती नाही. समजा, चकलीच्या एका घरगुती उद्योगात महिन्याला q किलो माल खपवायचा तर सगळ्याच मालाचा भाव किलोला 600 − 2q रुपये ठेवावा लागतो, किलोमागे खर्च २०० रुपये आहे आणि भाडे-पगार मिळून स्थिर खर्च १२,८०० रुपये आहे. तेव्हा 600q − 2q² = 200q + 12800 यातून हीच दोन उत्तरे मिळतात.

४० किलोला भाव ५२० असतो, म्हणजे किलोमागे ३२० रुपये सुटतात. १६० किलोला भाव २८० वर उतरतो आणि ८० रुपयेच सुटतात. दोन्हीकडे गुणाकार १२,८०० येतो, पण पहिल्या बिंदूपाशी आणखी एक किलो विकल्यास सुमारे २४० रुपये नफा होतो आणि दुसऱ्यापाशी तेवढाच तोटा, कारण त्या एका किलोसाठी आधीच्या सगळ्या मालाचा भाव उतरवावा लागतो. गंमत म्हणजे विक्रीची रक्कम १५० किलोला सर्वाधिक असते, नफा मात्र १०० किलोलाच. गल्ल्याकडे पाहणारा नेमका इथे फसतो.

स्थिर खर्च १५,००० झाला, तर दोन्ही बिंदू आत सरकून ५० आणि १५० होतात. २०,००० ला ते १०० वर एकत्र येतात, आणि त्यापुढे नफ्याचा पट्टाच उरत नाही. मात्र ६०-७० किलोच्या विक्रीवरून बसवलेली भावाची रेषा १६० पर्यंत सरळच राहील, हे गृहीतक आहे.